घराचे कर्ज फिटले, आता कागद आणि बोजा

"कर्ज फेडल्यावर 30 दिवसांत कागद परत दिले नाहीत, तर बँक रोजचे 5,000 रुपये देते." व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर हा संदेश अधूनमधून फिरत असतो. गावाकडच्या घरासाठी कर्ज काढून ते फेडत आलेल्या चाकरमान्यांच्या गटांवर तर जास्तच. संदेश खोटा नाही, पण अर्धा आहे. तेवढ्यावर विसंबून दोन महिने वाट बघणाऱ्याला बँकेत गेल्यावर एकच उत्तर मिळते: "तुम्ही न्यायला आलाच नाहीत." मग 5,000 चा विषय तिथेच संपतो.

म्हणून आधी नियम काय आहे ते पाहू, आणि मग बँकेला द्यायच्या पत्रात काय लिहायचे ते.

नियम नेमका काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी याबद्दल परिपत्रक काढले. ज्यांचे कागद 1 डिसेंबर 2023 ला किंवा त्यानंतर परत मिळायला हवेत, त्यांना ते लागू आहे. कर्ज पूर्ण फिटले किंवा तडजोडीने मिटले, की 30 दिवसांत बँकेने दोन कामे करायची. एक, तारण म्हणून घेतलेले सगळे मूळ कागद परत द्यायचे. दोन, त्या मालमत्तेवरचा आपला बोजा ज्या नोंदवहीत चढवला असेल तिथून तो उतरवायचा. उशीर झाला तर कारण कळवायचे, आणि उशीर बँकेच्या बाजूने झाला असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची.

"बँकेच्या बाजूने" हे दोन शब्द फिरत्या संदेशात नसतात. सगळी भांडणे मात्र त्यांच्यावरच होतात.

परिपत्रकात "वैयक्तिक कर्ज" असा शब्द आहे. पगारावर मिळणारे कर्ज एवढाच त्याचा अर्थ नाही. गृहकर्ज, शिक्षणकर्ज, वस्तू किंवा गाडीसाठी काढलेले कर्ज हे सगळे त्यात येते. आंब्याच्या बागेवरचे किसान क्रेडिट कार्ड, दुकानाचा ओव्हरड्राफ्ट किंवा होडीसाठी घेतलेले व्यवसायकर्ज मात्र यात बसत नाही. ते फेडल्यावरही कागद मागायचा हक्क आहेच, पण तिथे या परिपत्रकातल्या रोजच्या 5,000 वर बोट ठेवता येत नाही.

फेडले म्हणजे सुटले, असे नाही

हप्ते संपल्यावर चार गोष्टी व्हायच्या असतात आणि त्या आपोआप एकापाठोपाठ होत नाहीत. कर्जखाते बंद होणे, बेबाकी दाखला म्हणजे नो ड्यूज मिळणे, मूळ कागद हातात येणे, आणि सरकारी नोंदींमधून बँकेचे नाव जाणे.

वाडीच्या मंडळाची भांडी आठवा. कार्य उरकल्यावर टोप, पराती मोजून परत केल्या, पण मंडळाच्या वहीतली नावापुढची नोंद खोडायची राहिली, तर पुढच्या वर्षी वही उघडणारा तुमच्याकडेच भांडी मागणार. घराच्या कर्जात अशा वह्या दोन-तीन असतात आणि त्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत असतात.

पहिलीच पायरी कुठे अडते ते बघा. शेवटचा हप्ता गेला, घरात पेढे वाटले, आणि खात्यावर 312 रुपये शिल्लक देणे राहिले. व्याजदर मध्येच बदललेला असतो, एखादा तपासणी खर्च टाकलेला असतो, किंवा मुदतीआधी कर्ज बंद करताना बँकेने सांगितलेली रक्कम दोन दिवस उशिरा भरली जाते आणि त्या दोन दिवसांचे व्याज उरते. खाते उघडेच राहते. 30 दिवस मोजायचे ते पूर्ण फेडीपासून, त्यामुळे या 312 रुपयांपायी मोजणी सुरूच होत नाही. म्हणून शेवटचा भरणा झाल्यावर आठवड्याभरात खात्याचा उतारा घ्यावा. त्यावर शिल्लक शून्य दिसली एवढ्याने भागत नाही, खाते "बंद" झाल्याची तारीख दिसली पाहिजे. बँक खात्यातून हप्ता वळता करण्याची परवानगी दिलेली असते, तीही त्याच वेळी रद्द करून घ्यावी.

30 दिवसांचा नियम आहे, मग पत्र कशाला?

शंका रास्त आहे. मुदत अर्जापासून नव्हे, कर्जफेडीपासून मोजतात. नियमाने बँकेने स्वतःहून बोलवायला हवे.

पत्र लिहायचे ते पुराव्यासाठी. कागद तयार होते पण ग्राहक आला नाही, असे बँक म्हणाली की उशीर तिच्या बाजूचा राहत नाही. तुम्ही अमुक तारखेला कागद मागितले, अमुक शाखेत घ्यायला तयार होतात, हे शिक्क्यानिशी दाखवता आले तर ती वाट बंद होते. दुसरे म्हणजे, रोजच्या 5,000 ची तरतूद मूळ कागद आणि बोजा यांच्यासाठी आहे, बेबाकी दाखल्यासाठी नाही. दाखला पत्रातच मागावा लागतो.

तिसरे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे कागदांची यादी. कर्ज मंजूर होताना बँक तुमच्याकडून मूळ कागद घेते आणि त्यांची यादी करून त्यावर सही घेते. त्या यादीची प्रत मिळाली असेल तर तिला जपावे. नसेल तर कर्ज चालू असतानाच मागून घ्यावी. पंधरा वर्षांनी बँक सात कागद परत देते, आणि आठवा दिला होता हे तुम्हाला फक्त आठवत असते. आठवणीवर भरपाई मिळत नाही.

एक उदाहरण: गुहागरकडचे घर

समजा, गुहागर तालुक्यातल्या एका गावात बाप-लेकाच्या नावावर पाच गुंठे बिनशेती जागा आहे. मुलगा डोंबिवलीला असतो. दोघांनी मिळून चिपळूणच्या एका शाखेतून गृहकर्ज काढून घर बांधले. शेवटची रक्कम 10 जूनला भरली आणि त्याच दिवशी खाते बंद झाले. त्यांचे पत्र साधारण असे असेल:

प्रति, शाखाधिकारी, (बँक व शाखा).

विषय: गृहकर्ज खाते क्रमांक (…) पूर्ण फेडल्याने बेबाकी दाखला, मूळ कागदपत्रे आणि बोजा कमी करण्याचे पत्र मिळणेबाबत.

महोदय, वरील कर्ज आम्ही 10 जून रोजी पूर्ण फेडले असून खाते बंद झाल्याचा उतारा सोबत जोडला आहे. कृपया पुढील गोष्टी द्याव्यात. (1) खाते क्रमांक, खाते बंद झाल्याची तारीख आणि मालमत्तेचे संपूर्ण वर्णन असलेला बेबाकी दाखला. (2) सोबतच्या यादीतील सर्व मूळ कागदपत्रे. (3) सातबारावरील बोजा कमी करण्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या नावे पत्र. (4) केंद्रीय तारण नोंदवहीतील बोजा उतरवल्याची पोच. (5) आमच्याकडून घेतलेले कोरे धनादेश व वचनचिठ्ठी, रद्द करून.

कागदपत्रे आम्ही चिपळूण शाखेतून घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार 30 दिवसांची मुदत 10 जुलै रोजी संपते. कागद तयार झाल्याची तारीख कृपया लेखी अथवा ईमेलने कळवावी.

खाली दोघांच्याही सह्या, पत्ता आणि मोबाइल क्रमांक. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. पत्र मराठीत चालते. "साहेब रजेवर आहेत, नंतर शिक्का देतो" असे ऐकायला मिळाले तर तेच पत्र शाखेच्या ईमेलवर पाठवून स्पीड पोस्टानेही टाकावे.

आता हिशेब. बँकेने कागद 28 जुलैला दिले आणि उशिराचे कारण बँकेच्याच कोठारातली दिरंगाई असेल, तर 10 जुलैनंतरचे 18 दिवस धरून भरपाई होते 90,000 रुपये. मात्र कागद 8 जुलैला तयार असल्याचा ईमेल आला आणि मुलाला सुट्टी मिळाली नाही म्हणून ते 28 ला घेतले, तर भरपाई शून्य.

"कागद इथे नसतात, वरून यावे लागतात"

हे बहुतेक वेळा खरे असते. आता कागद शाखेच्या तिजोरीत क्वचितच राहतात, ते दूरच्या एखाद्या मध्यवर्ती कोठारात जातात. पण ती सोय बँकेने तिच्यासाठी केलेली आहे. तिथून कागद यायला लागणारे दिवस त्या 30 दिवसांतच धरलेले आहेत.

कागद कुठून घ्यायचे हे कर्जदार ठरवू शकतो: जिथे कर्जखाते चालत होते ती शाखा, किंवा जिथे कागद आहेत ते बँकेचे दुसरे कार्यालय. डोंबिवलीच्या मुलाला घराशेजारच्या कोणत्याही शाखेत कागद मागवण्याचा हक्क यातून मिळत नाही. बँकेने सोय केली तर उत्तम, पण त्यावर हटून बसता येणार नाही. कर्ज मुंबईच्या शाखेचे आणि घर गावाला, अशी उलटी स्थिती असेल तर कागद मुंबईतच घेतलेले बरे. बोजाचे पत्र तेवढे गावी न्यायचे.

कागद घेताना सहसा सगळ्या सहकर्जदारांना आणि मालकांना हजर राहायला सांगतात. वडिलांना गुहागरहून एसटीने आणणे जमण्यासारखे नसेल, तर अधिकारपत्र कोणत्या नमुन्यात चालेल ते पत्र देतानाच विचारून ठेवावे. मुलगा रजा काढून आला आणि "आधी वडिलांची सही आणा" म्हणून परत गेला, हे शाखांमध्ये सर्रास होते.

काउंटरवर कागद घेताना

इथे घाई करू नये. अधिकारी जाड पाकीट पुढे सरकवतो, पोचपावतीवर बोट ठेवतो, मागे रांग असते. त्या पावतीवर सही झाली की सगळे कागद सुस्थितीत मिळाल्याचे तुम्ही लिहून दिले असे होते. म्हणून आधी यादी टेबलावर ठेवा आणि एकेका कागदावर खूण करा.

सर्वांत आधी मूळ खरेदीखत, किंवा जागा वडिलोपार्जित असेल तर वाटणीपत्र अथवा बक्षीसपत्र. नोंदणी झालेल्या दस्ताच्या पानांवर दुय्यम निबंधक कार्यालयाचा चौकोनी शिक्का असतो. त्यात कार्यालयाचे संक्षिप्त नाव, दस्ताचा क्रमांक, वर्ष आणि "28 पैकी 5" अशा अर्थाचा पानाचा आकडा असतो. ते आकडे ओळीने बघत जा. मधले पान गेले असेल तर इथेच कळते. स्कॅनिंगला दिलेला दस्त सोडवून पुन्हा बांधताना पान इकडचे तिकडे होऊ शकते. शाईची सही आणि शिक्का मूळ आहे की रंगीत झेरॉक्स, तेही कागद उजेडात तिरका धरून पाहा.

त्यानंतर सूची क्रमांक 2, नोंदणी फीची पावती, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, मोजणीचा नकाशा. नोंदणी फीची पावती लहानसा कागद म्हणून दुर्लक्षित होते, पण पुढे घर विकताना घेणाऱ्याची बँक तीही मूळ मागते. यादीतला कागद पाकिटात नसेल तर पोचपावतीवर स्वतःच्या हाताने "अनुक्रमांक 4 मिळाला नाही" असे लिहून मगच सही करा. अधिकारी नाराज होईल. होऊ दे.

सातबारावरचा बोजा

कोकणात घोळ होतो तो इथे. बँकेने दिलेल्या पत्रात मालमत्तेचे वर्णन चुकलेले किंवा अर्धवट असते. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान, त्यामुळे सर्व्हे किंवा गट क्रमांकाला हिस्सा क्रमांक लागलेला असतो. पत्रात 214 लिहिले आणि घर 214 हिस्सा 3ब मध्ये असेल, तर महसूल कचेरीतून ते पत्र परत येणार. मधल्या काळात पोटहिस्सा पडून क्रमांकच बदलला असेल तर आणखी पंचाईत. म्हणून पत्र घेताना आजचा सातबारा सोबत ठेवा आणि गाव, क्रमांक, हिस्सा, क्षेत्र, बोजाची रक्कम आणि तो चढवतानाचा फेरफार क्रमांक तिथेच पडताळा. "इतर हक्क" या रकान्यात हे सगळे असते.

पत्र आणि अर्ज दिल्यावर ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, फेरफार नोंद धरतात. नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. काम झाले की नाही हे कुणाच्या सांगण्यावर सोडू नका. bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर digitalsatbara.mahabhumi.gov.in वर 15 रुपयांत मिळतो. जुन्या नोंदीला कंस झाला आहे किंवा तिच्यावर रेघ आली आहे ना, एवढे बघायचे.

हे राहिले तर काय बिघडते? रोजच्या जगण्यात काहीच नाही, म्हणून तर राहून जाते. पण आपल्याकडचे सातबारे सामाईक. चुलत भावाला त्याच उताऱ्यावर कर्ज हवे असेल, तर त्याच्या बँकेच्या वकिलाला तुमचा फिटलेला बोजा जिवंत दिसतो. मग तो भाऊ तुम्हाला फोन करतो, आणि तोवर तुमची शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

दुसरी वही म्हणजे केंद्रीय तारण नोंदवही, बँकांच्या बोलीत सरसाई. एकाच घरावर दोन बँकांकडून कर्ज काढले जाऊ नये म्हणून बँका आपले तारण तिथे नोंदवतात. तिथून बोजा उतरवणे पूर्णपणे बँकेचे काम आहे, आपण फक्त पोच मागायची. गहाणखत रीतसर नोंदवून केलेले असेल, तर ते सोडवण्याचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. आपले गहाण कोणत्या प्रकारचे होते, हे मंजुरीपत्रात असते.

कागद हरवले किंवा भिजले तर

22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हापासून कागद भिजण्याची भीती आपल्याकडे नुसती कल्पनेतली राहिलेली नाही. बँकेच्या ताब्यातला मूळ कागद हरवला किंवा खराब झाला, तर त्याची प्रमाणित प्रत मिळवून देण्यास मदत करणे आणि त्याचा खर्च सोसणे बँकेवर बंधनकारक आहे. या कामासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. म्हणजे आपल्या उदाहरणात भरपाईची मोजणी 10 जुलैऐवजी 9 ऑगस्टनंतर सुरू होईल.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. कागद हरवल्याचे बँकेकडून लेखी घ्या, "शोधतोय" हे तोंडी उत्तर वर्षभर चालते. आणि पोलिसांत हरवल्याची नोंद तुमच्या नावाने करा असे सांगितले, तर नकार द्या. कागद बँकेच्या हातून गेला आहे, तक्रारीत तसेच आले पाहिजे. पुढे कुणी घेणारा आला की त्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, की कागद कुणाकडून गेला.

"तुमचे दुसरे कर्ज आहे, म्हणून कागद देता येत नाहीत"

तुम्ही मेहुण्याच्या कर्जाला जामीन आहात, किंवा त्याच बँकेत तुमचे दुसरे कर्ज थकले आहे, म्हणून शाखा अडवते. याला सरसकट हो किंवा नाही असे उत्तर नाही. गहाण ठेवताना सही केलेल्या कागदात हे घर "सध्याच्या आणि पुढील सर्व कर्जांसाठी" तारण असे लिहिले असेल, तर बँकेची बाजू भक्कम होते. फक्त त्या एका खात्यापुरते असेल तर तुमची. म्हणून वाद न घालता नेमके कोणत्या कलमाखाली कागद रोखले ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा अडवणूकच संपते.

तडजोडीने, म्हणजे एकरकमी कमी पैसे भरून मिटवलेल्या कर्जालाही कागद परतीचा नियम लागू आहे. पतअहवालात मात्र ते खाते "बंद" ऐवजी "तडजोड" म्हणून दिसते, आणि पुढचे कर्ज मागताना ते नडते.

कर्जदार हयात नसेल तर

वडील गेले, विम्यातून कर्ज फिटले, मुले तीन गावांना. अशा वेळी वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धत प्रत्येक बँकेने ठरवून आपल्या वेबसाइटवर ठेवायची आहे. आधी ती वाचून मग अर्ज करा, म्हणजे मृत्यूदाखला, वारसाचा पुरावा आणि इतर भावंडांची संमती एकाच फेरीत नेता येईल. कागद ज्याच्या हातात पडले तो घराचा मालक, असे होत नाही. घरात हे आधीच बोलून घेतलेले बरे.

तक्रार कुठे करायची

आधी बँकेच्याच तक्रार कक्षाकडे, पत्राची शिक्क्याची प्रत जोडून. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तक्रारीत तारखा ओळीने लिहाव्यात: फेड, पत्र, मुदत संपली तो दिवस, कागद मिळाले तो दिवस. भरपाईची रक्कम आकड्यात मागावी.

कर्ज गावच्या पतसंस्थेचे असेल तर ही वाट नाही. पतसंस्था बँक नसते. ती राज्याच्या सहकार कायद्याखाली चालते, म्हणून रिझर्व्ह बँकेचे परिपत्रकही तिला लागू नाही आणि लोकपालही नाही. तिथली तक्रार सहकारी संस्थांच्या तालुक्यातल्या सहाय्यक निबंधकांकडे जाते. कागदांची यादी, शिक्क्याचे पत्र आणि सातबारावरचा बोजा उतरवणे, ही कामे मात्र तिथेही तशीच करायची.